उवांचे पत्र आणि सतरा दिवसांचा हिशेब

शाळेतून घरी येणाऱ्या सूचनांपैकी शुल्काची सूचना पालक दोनदा वाचतात, सहलीची सूचना मुलेच हौसेने वाचून दाखवतात. परंतु 'आपल्या पाल्याच्या केसांत उवा आढळल्या आहेत, कृपया स्वच्छता राखावी' ही एका ओळीची चिठ्ठी हाती पडली की ती तत्काळ घडी करून लपवली जाते. तीतील पूर्वार्ध ही माहिती असते आणि उत्तरार्ध हा आरोप असतो. आई मुलीवर रागावते, आजी सुनेकडे पाहते, आणि थोड्याच वेळात घरातील चर्चा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीवर येऊन थांबते. वास्तविक त्या चिमुकल्या कीटकाचा आणि स्वच्छतेचा संबंध जेवढा समजला जातो तेवढा नाही, किंबहुना जवळजवळ नाहीच.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत या चिठ्ठीचे परिणाम अधिक गंभीर होऊ शकतात. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथे आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये आहेत आणि त्यांच्या कक्षेतील आश्रमशाळांत मुली वर्षातील बहुतेक काळ वसतिगृहात राहतात. एकमेकींना लागून अंथरुणे, एकमेकींच्या वेण्या घालणे, रात्री डोक्याला डोके लावून गोष्टी सांगणे हे तेथील रोजचे जीवन. उवांना याहून अधिक काही लागत नाही. अशा ठिकाणी उवा आढळल्या म्हणून मुलीचे केस कापून टाकले किंवा 'बरी होईपर्यंत' तिला घरी पाठवले, तर पन्नास-साठ किलोमीटर आत असलेल्या गावातून ती परत येईलच याची खात्री कोणी द्यावी? आलापल्ली, अहेरी, देसाईगंज, ब्रह्मपुरी अशा गावांतून दुकाने थाटलेल्या आपल्या कुटुंबांतील मुलींवर ती वेळ येत नाही. परंतु त्याही त्याच शाळांतून, त्याच बाकांवर, गावातील सर्व थरांतील मुलींसमवेत बसतात. म्हणून शाळेतील परिचारिकेने पालकांना लिहावयाचे पत्र कसे असावे, हा प्रश्न उभय घरांचा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील तालुक्याच्या फिरत्या पथकात डॉक्टर, औषधनिर्माता व परिचारिका असतात आणि ते पथक शाळांत जाऊन मुलांची तपासणी करते. परंतु वर्षातून एखाद्या वेळी येणारे पथक उवांचा पाठपुरावा करू शकत नाही. त्यासाठी घरीच दोन-अडीच आठवडे नेमाने काम करावे लागते. ते काम नेमके काय, हे सांगण्यासाठीच पत्र असते. असे पत्र मराठीत लिहावयाचे झाल्यास ते साधारण पुढीलप्रमाणे असावे.

'सप्रेम नमस्कार. आजच्या तपासणीत आपल्या मुलीच्या केसांत जिवंत उवा आढळल्या. असे कोणत्याही घरातील मुलीच्या बाबतीत होऊ शकते. केस अस्वच्छ असल्यामुळे उवा होत नाहीत आणि रोज न्हाऊन त्या जातही नाहीत. त्या कोणाकडून आल्या याचा शोध घेऊ नये. मुलीचे केस कापू नयेत व तिला उद्या नेहमीप्रमाणे शाळेत पाठवावे. घरातील सर्वांची डोकी आजच पाहावीत आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल त्या सर्वांचे केस एकाच दिवशी विंचरण्यास घ्यावेत. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फिरवावी आणि सतराव्या दिवशी पुन्हा पाहावे. औषध लावावयाचे असल्यास आधी मला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. रॉकेल, शेतातील फवारणीचे औषध, मुंग्यांचा खडू किंवा सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावू नये. आपली, शाळेची परिचारिका.'

या पत्रात उपदेश नाही, पण त्यातील प्रत्येक वाक्यामागे कारण आहे. ते कळले म्हणजे पत्र पाळणे सोपे जाते.

प्रथम अस्वच्छतेची गोष्ट. डोक्यातील ऊ माणसाच्या रक्तावर जगते, दिवसातून अनेक वेळा टाळूला सोंड लावते आणि सहा पायांच्या आकड्यांनी केस घट्ट धरून राहते. केस तेलकट आहेत की नुकतेच धुतलेले, याच्याशी तिला कर्तव्य नसते. तिला टाळूची ऊब आणि रक्त हवे. पाण्याखाली गेल्यावर ती आपली श्वासछिद्रे मिटून घेते आणि कित्येक तास तशीच तग धरू शकते. म्हणूनच रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही ती सुखाने राहते. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती केवळ एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. त्यामुळे एका डोक्याचा दुसऱ्या डोक्याला स्पर्श झाला तरच तिचा प्रवास होतो. मुलींत उवा अधिक दिसतात त्याचे कारण मुली एकमेकींच्या अधिक निकट बसतात आणि त्यांचे लांब केस एकमेकांत मिसळतात. त्यात कोणाच्या घरच्या वळणाचा दोष नाही.

मग ही समजूत आली कोठून? तिला पूर्ण आधार नाही असेही नाही. उवांचा एक अगदी जवळचा भाऊबंद आहे, अंगावरची ऊ. ती केसांत नव्हे तर कपड्यांच्या शिवणीत राहते, तेथेच अंडी घालते आणि फक्त रक्त पिण्यासाठी अंगावर येते. कपडे आठवडेच्या आठवडे न बदलता अंगावर राहिले, तरच तिचे फावते. युद्धे, दुष्काळ, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या ही तिची ठिकाणे. १९०९ साली ट्यूनिस येथे शार्ल निकोल या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने दाखवून दिले, की टायफस नावाचा प्राणघातक ज्वर हीच ऊ पसरवते. त्याच्या लक्षात आले होते, की रुग्णालयाच्या दारात रुग्णाला आंघोळ घालून त्याचे कपडे बदलले, की त्यानंतर आतल्या कोणालाही त्याच्यापासून लागण होत नाही. याच कार्यासाठी त्याला १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. (आपल्याकडे टायफॉइड म्हणतात तो आजार निराळा आणि तो दूषित अन्नपाण्यातून होतो, नावाच्या साम्यामुळे घोटाळा होऊ नये.) म्हणजे 'उवा आणि घाण' हे समीकरण अंगावरच्या उवेच्या बाबतीत खरे आहे. ते डोक्यातील उवेला जोडले गेले आणि तिच्याबरोबर विनाकारण लज्जाही आली. डोक्यातील ऊ सर्वसाधारणपणे असा कोणताही रोग पसरवत नाही. त्रास होतो तो खाजेचा, आणि खाजवून नखांनी झालेल्या जखमा चिघळण्याचा. मानेवर, कानामागे पुवाळलेल्या फुटकुळ्या आणि मानेत गाठी दिसल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

खाज हीसुद्धा उशिरा बोलणारी साक्षीदार आहे. प्रथमच उवा झालेल्या मुलीला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात, कारण उवेच्या लाळेशी शरीराचे वैर जमण्यास तेवढा काळ जातो. याचा अर्थ असा, की ज्या दिवशी शाळेत ऊ सापडते त्या दिवशी ती बहुधा महिनाभर जुनी असते. ज्या मैत्रिणीला देण्याची ती दिली जाऊन गेलेली असते. मग दुसऱ्या दिवसापासून मुलीला घरी बसवून कोणाचे रक्षण होणार? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याच कारणाने उवांसाठी निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, असे आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे नमूद केले आहे. आपल्या आश्रमशाळांना ते अधिकच लागू पडते.

आता ओळख. केसांत पांढरे दिसले म्हणजे लीख, असे नाही. कोंडा बोटाने झटकला की पडतो, केसावरून सहज सरकतो. लीख केसाच्या एका बाजूस डिंकाने चिकटवल्यासारखी असते. ती दोन नखांनी ओढूनच निघते. त्यातही लीख दिसली म्हणजे आज उवा आहेतच असे ठरत नाही, कारण पिल्लू निघून गेल्यावरही रिकामे टरफल केसाबरोबर वाढत राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा किंचित अधिक वाढतो आणि अंडे घातले जाते ते टाळूलगत. ते सात ते दहा दिवसांत फुटते. म्हणून टाळूपासून एक सेंटिमीटरहून दूर असलेली लीख बहुधा महिन्यापूर्वीची, म्हणजे रिकामी. खतावणीतील जुन्या नोंदीसारखी ती. व्यवहार झाला होता एवढेच सांगते, बाकी शिल्लक आहे असे सांगत नाही. या नियमाला आपल्या भागापुरती एक पुस्ती जोडावी लागते. उष्ण हवामानात उबेसाठी टाळूलगतच राहण्याची गरज कमी होते आणि जिवंत अंडी काही सेंटिमीटर दूरही सापडतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वांस ठाऊक आहे. म्हणून येथे अंतरावरून अनुमान करावे, निकाल देऊ नये. निकाल एकच: चालणारी, जिवंत ऊ दिसली तरच उपचार.

उपचाराची सर्वांत विश्वासार्ह वस्तू आपल्या आजीच्या फणेरपेटीतच होती. बारीक दातांची फणी, शक्यतो धातूची व लांब दातांची. केस प्रथम साध्या शाम्पूने धुवावेत, पाणी निथळू द्यावे आणि ओल्या केसांना भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल लावावे. तेलाने उवा मरतात असा भरवसा धरू नये. तेलाचे काम एवढेच, की केस निसरडे होतात, फणी अडत नाही आणि ओल्या केसांतील ऊ चटकन पळत नाही. मग मोठ्या कंगव्याने गुंता काढावा. केसांचे लहान लहान भाग करून प्रत्येक भागातून फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत न्यावी आणि प्रत्येक फेरीनंतर पांढऱ्या कापडावर किंवा कागदावर पुसून पाहावी. कानामागे आणि मानेवर विशेष लक्ष द्यावे. लांब केसांना अर्धा तास सहज लागतो. सकाळच्या उजेडात ओसरीवर बसून हे काम उत्तम होते. विजेच्या दिव्याखाली नेमकी लहान पिल्ले सुटतात. शेवटी केस धुऊन पुन्हा एकदा फणी फिरवावी.

एकदाच विंचरून काम का होत नाही, याचे उत्तर तारखांत आहे. फणीत मोठ्या उवा येतात, पण केसांना चिकटलेली बरीचशी अंडी मागे राहतात. त्यांतून पुढील सात-दहा दिवस पिल्ले निघत राहतात. पिल्लाची पूर्ण ऊ होऊन तिने स्वतः अंडे घालण्यास आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. म्हणून दर चौथ्या दिवशी फणी फिरवली, तर मागील चार दिवसांत निघालेले पिल्लू मोठे होण्याआधीच बाहेर येते. नवे अंडे पडत नाही आणि जुनी अंडी संपत जातात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने सांगितलेला पहिला, पाचवा, नववा, तेरावा आणि तपासणीचा सतरावा दिवस हा क्रम याच हिशेबावर उभा आहे.

उदाहरणादाखल एका किराणा व्यापाऱ्याच्या घरातील अकरा वर्षांची मुलगी घेऊ. रविवारी पहिली फणी. कापडावर आठ मोठ्या उवा व काही लहान. त्याच दिवशी घरातील इतरांची डोकी पाहता धाकट्या बहिणीत तीन आणि आईत एक आढळली. तिघींचे केस त्याच दिवशी विंचरले. गुरुवारी दुसरी फणी. मोठ्या मुलीत केवळ तिळाहून लहान अशी पाच पिल्ले, बहिणीत एक, आईत काही नाही. हे शुभचिन्ह समजावे: अंडी फुटत आहेत आणि पिल्ले पकडली जात आहेत. सोमवारी तिसरी फणी. मोठ्या मुलीत दोन पिल्ले, पण धाकटीत एक पूर्ण वाढलेली ऊ. येथे थांबून विचार करावा. आठ दिवसांत अंड्यातून निघून पूर्ण वाढ होणे शक्य नाही. म्हणजे ती ऊ एकतर रविवारी व गुरुवारी फणीतून सुटली, किंवा या आठवड्यात कोणा मैत्रिणीकडून नवी आली. अशा वेळी पद्धत फसली असे मानू नये. त्या एका डोक्यापुरता मोठी ऊ दिसली तो दिवस पुन्हा 'पहिला' धरावा आणि तिच्या नेहमीच्या खेळगड्यांच्या घरी आडपडदा न ठेवता निरोप द्यावा. शुक्रवारी चौथी फणी आणि त्यापुढील मंगळवारी तपासणी. मोठ्या मुलीत व आईत काहीच आढळले नाही, म्हणजे त्यांचे खाते बंद. धाकटीचे खाते आणखी आठ दिवस चालेल. कापडावर काय दिसले ते प्रत्येक वेळी दिनदर्शिकेच्या चौकटीत 'मोठी' व 'लहान' अशा दोन आकड्यांत लिहून ठेवावे. लहान येत राहिल्या आणि मोठ्या संपल्या, तर सर्व ठीक.

येथे आपल्या घरांतून हमखास निघणारा प्रश्न टाळून चालणार नाही. ऊ हा त्रींद्रिय जीव. तिला मारणे मनाला बोचते. कित्येक घरांत वडीलधारी मंडळी उवा काढून अलगद बाहेर सोडण्यास सांगतात. मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त पाटणच्या कुमारपाल राजाची कथा आहे. एका श्रीमंत व्यापाऱ्याने ऊ मारली म्हणून त्याचे धन दंडादाखल घेऊन त्यातून 'यूकाविहार' नावाचे मंदिर उभारले गेले. एका उवेसाठी मंदिर बांधणारी परंपरा आपल्या मागे आहे, हे खरे. तथापि वस्तुस्थितीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डोक्यातील ऊ माणसाच्या रक्तावाचून एक-दोन दिवसांहून अधिक जगत नाही. अंगणात, झाडावर किंवा कापसात ठेवली तरी नाही. कुत्र्या-मांजरांच्या अंगावरही ती राहू शकत नाही. सोडून दिल्याने तिचे प्राण वाचतात हा दिलासा आहे, तथ्य नव्हे.

मग यतना कशात? हिशेब पाहू. पूर्ण वाढलेली मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि सुमारे महिनाभर जगते. म्हणजे एकीची अंडी दीडशेच्या वर जातात. त्यांतील अनेक जगत नाहीत, म्हणून एका डोक्यावर एका वेळी बहुधा वीसच्या आतच जिवंत उवा असतात. पण महिन्याच्या दुर्लक्षाने निर्माण होऊन नष्ट होणारे जीव किती, ते चक्रवाढीच्या व्याजासारखे आहे. पहिल्याच आठवड्यात, दोन-चार उवा असताना फणी फिरवणाऱ्या घरात जीवहानी सर्वांत थोडी. ज्यांना विष वापरणे नको वाटते, त्यांच्यासाठी फणी हा पूर्ण उपचार आहे; तिच्या जोडीला औषध लागतेच असे नाही. काय स्वीकारावे हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. मात्र लज्जेने महिनाभर काहीच न करण्याला अहिंसा म्हणता येत नाही.

औषधाचा मार्ग घेणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे. परमेथ्रिन एक टक्का हे डोक्यासाठी. पाच टक्क्यांचे मलम खरजेसाठी असते आणि दुकानदार घाईत तेच हाती देण्याचा संभव असतो, म्हणून वेष्टनावरील आकडा वाचावा. कंडिशनर न लावलेल्या, धुऊन टॉवेलने टिपलेल्या दमट केसांना ते लावून दहा मिनिटांनी धुवावे आणि नवव्या दिवशी पुन्हा लावावे, कारण अंड्यांवर त्याचा पूर्ण परिणाम होत नाही. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते लावू नये. लावल्यावर आठ ते बारा तासांनी फणी फिरवून पाहावी: उवा मेलेल्या किंवा सुस्त असतील तर औषध लागू पडले, पूर्वीइतक्याच चपळ असतील तर त्या उवा त्या औषधाला दाद देत नाहीत. अनेक देशांत असे आढळले आहे. मग तेच औषध दुप्पट लावणे व्यर्थ आणि अपायकारक. डॉक्टरांना विचारून निराळे घ्यावे. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मुलाच्या वजनाप्रमाणे द्याव्या लागतात आणि पंधरा किलोहून कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत. त्या परस्पर आणू नयेत.

पत्रातील निषिद्ध वस्तूंची यादी उगीच घातलेली नाही. रॉकेल लावलेल्या केसांनी चुलीजवळ जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. सीताफळ या भागातील रानात व बांधावर मुबलक. त्याच्या बियांची पूड उवांवर लावण्याची प्रथा जुनी आहे आणि तिने उवा मरतातही. परंतु ती पूड किंवा तिचे पाणी डोळ्यांत उतरले तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर जखम होते, असह्य वेदना होतात, डोळा लाल होऊन उघडता येत नाही. असे झाल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

फवारणीच्या औषधाचे भय याहून मोठे. वरोरा, राजुरा, कोरपना हा कापसाचा पट्टा. घरात किंवा गोठ्यात अर्धी बाटली पडून असते आणि 'कपाशीवरची कीड मरते तर ऊ का मरणार नाही' असा तर्क सुचतो. टाळू हा रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग, त्यावर खाजवून झालेल्या जखमा, आणि मुलीचे वजन पंचवीस-तीस किलो. विष आत शिरण्यास वेळ लागत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथेही विष श्वासाबरोबर त्वचेतूनही अंगात गेले होते. लाळ गळणे, घाम सुटणे, उलट्या, बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे ही लक्षणे. अशा वेळी कपडे काढून केस व अंग साबणाने धुवावे आणि क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे, बाटली बरोबर न्यावी.

याउलट घर धुऊन काढण्याची, गाद्या उन्हात टाकण्याची, खोलीत धूर करण्याची जी धावपळ होते तिची फारशी आवश्यकता नाही. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांतच संपते. मागील दोन दिवसांत वापरलेली उशीची खोळ, टॉवेल, ओढणी नेहमीच्या धुण्यात गरम पाण्याने धुतली आणि फणी दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवली, की पुरे.

वसतिगृहात हेच काम थोडे निराळे करावे लागते. तेथे पालकांचे पत्र अधीक्षिकेलाही मिळाले पाहिजे, कारण फणी तिच्या देखरेखीत फिरणार. एका खोलीतील सर्व मुलींची तपासणी एकाच संध्याकाळी झाली नाही, तर आज मोकळे झालेले डोके उद्या शेजारणीकडून पुन्हा भरते. चाळीस मुलींत दोन फण्या असतील, तर प्रत्येकीनंतर फणी कढत पाण्यात बुडवावी. सुटीपूर्वीचे आणि सुटीनंतरचे दोन आठवडे यासाठी राखावेत. मुलींच्या मोठ्या गटापैकी दोघी-तिघी हे काम लवकर शिकतात आणि धाकट्यांची डोकी हौसेने पाहतात.

राहता राहिला पत्र वाचण्याचा प्रश्न. भामरागड किंवा एटापल्लीकडील अनेक घरांत माडिया बोलली जाते आणि आईवडिलांना मराठी वाचता येतेच असे नाही. तेथे पत्र वाचून, समजावून सांगणारी व्यक्ती बहुधा ती मुलगीच असते; म्हणजे स्वतःविषयीची चिठ्ठी तिला स्वतःच्याच तोंडाने घरच्यांना ऐकवावी लागते. 'स्वच्छता राखावी' हे शब्द तिने कसे उच्चारावेत? ती चिठ्ठी ती पाटीमागे सारते आणि उवा तशाच राहतात. यासाठीच वरील मसुद्यात दोष नसल्याचे वाक्य उपचाराच्या आधी आले आहे. आणखी एक बारकावा परिचारिकेने पाळावा: 'पाचवा', 'नववा' असे दिवस न मोजता पत्रात वार लिहावेत. पहिली फणी रविवारी असेल, तर पुढे गुरुवार, सोमवार, शुक्रवार आणि तपासणीचा मंगळवार. आठवडी बाजाराच्या वारावर महिना चालणाऱ्या घरात वार विसरला जात नाही.